एका बाटलीची चार नावं

प्रश्न असा. सांताक्रूझ पूर्वेतल्या एका किराणा दुकानातून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने संत्र्याच्या सरबताची सीलबंद बाटली नमुना म्हणून घेतली. प्रयोगशाळेत तिच्यात 'सनसेट यलो' हा कृत्रिम रंग सापडला. हा रंग सरबतात चालतो आणि त्याचं प्रमाणही ठरलेल्या मर्यादेच्या आत होतं. पण बाटलीच्या लेबलवर कृत्रिम रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता. तर हे सरबत कायद्याच्या भाषेत काय ठरतं, त्यासाठी जास्तीत जास्त किती रक्कम भरावी लागेल आणि ती कोण ठरवेल?

प्रश्न मीच रचला आहे. पण अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी एमपीएससीची तयारी करणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. कलिन्याच्या विद्यापीठ परिसरात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांच्या वह्यांत असे प्रश्न असतात आणि त्यांच्याशेजारी पेन्सिलीने तीन लाख, पाच लाख, दहा लाख असे आकडे लिहिलेले असतात. आकडे पाठ करणं अवघड नाही. थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे: या प्रश्नातला एकच शब्द बदलला, तर तीच बाटली वेगळ्या कलमात जाते, वेगळ्या अधिकाऱ्यापुढे जाते आणि एका वळणावर तर तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचते. बाटली तीच, दुकान तेच, बाहेरून पाहणाऱ्याला काहीही फरक दिसत नाही.

आधी उत्तर देऊन टाकू. हे सरबत 'मिथ्याछाप' आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या कलम 3 मध्ये मिथ्याछाप अन्नाची लांबलचक व्याख्या आहे, आणि तिच्यात हा प्रकार जवळजवळ याच शब्दांत येतो: पदार्थात कृत्रिम रंग, स्वाद किंवा रासायनिक परिरक्षक आहे आणि पाकिटावर तसं जाहीर केलेलं नाही. शिक्षा कलम 52 मध्ये आहे, तीन लाख रुपयांपर्यंत शास्ती. ती ठरवायला न्यायाधीश लागत नाही, न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. हा अधिकारी अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसावा, असं कलम 68 सांगतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाच्या सहआयुक्तांकडे (अन्न) आहे. म्हणजे आपल्या बाटलीची फाईल सांताक्रूझहून फार लांब जात नाही. एफडीएचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, वाकोल्याहून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'तीन लाख रुपये आणि तुरुंग नाही' ही गोष्ट नेहमीची नव्हती. 2011 च्या ऑगस्टपर्यंत आपल्याकडे 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा लागू होता. त्यात भेसळ आणि मिथ्याछाप या दोन्ही गोष्टी फौजदारी गुन्हेच होत्या. शिक्षेची सर्वसाधारण किमान मर्यादा सहा महिने कैद होती. न्यायालयाने खास कारणं नोंदवली तरच ती खाली येऊ शकत असे. लेबलवर एक ओळ राहिली म्हणून दुकानदाराला दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभं राहावं लागे, आणि असे खटले वर्षानुवर्षं चालत. 2006 च्या कायद्याने या गाठोड्याचे दोन भाग केले. ज्याने शरीराला इजा होऊ शकते ते एका बाजूला आणि ज्याने ग्राहक फसतो किंवा कमी दर्जाचं घेतो ते दुसऱ्या बाजूला. पहिल्यासाठी न्यायालय, कैद आणि दंड. दुसऱ्यासाठी प्रशासकीय अधिकारी आणि शास्ती, म्हणजे फक्त पैसे. शास्ती भरली म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन पर्याय केवळ या फरकावर बाद होतात, हे अनुभवी परीक्षार्थी जाणतात.

आता बाटली बदलत जाऊ.

समजा लेबलवर रंगाचा उल्लेख व्यवस्थित आहे, प्रमाणही योग्य आहे, पण सरबत पातळ आहे. साखर आणि इतर विद्राव्य घन पदार्थ किती असावेत याची किमान मर्यादा नियमांत ठरलेली आहे, आणि आपलं सरबत तिच्या खाली गेलं. ते पिऊन कोणी आजारी पडणार नाही, पण ठरलेला दर्जा त्याला नाही. हे 'कमी दर्जाचं' अन्न झालं. कलम 51, पाच लाखांपर्यंत शास्ती. नवख्या परीक्षार्थ्याला इथे पहिला धक्का बसतो. लेबलवर लपवणाऱ्याला तीन लाख आणि साखर कमी घालणाऱ्याला पाच? खोटेपणा मोठा की पातळपणा? कायद्याने कारण सांगितलेलं नाही, पण कलम 52 चं दुसरं पोटकलम वाचलं की माझ्या मते ते उमगतं. न्यायनिर्णय अधिकारी चूक दुरुस्त करायला सांगू शकतो. तसं न झाल्यास माल नष्ट करण्याचा आदेश देऊ शकतो. चुकीचं लेबल बऱ्याचदा दुरुस्त होऊ शकतं. बाटलीतलं सरबत आधीच पातळ असेल, तर स्टिकर लावून ते घट्ट होत नाही.

समजा आता लेबल बरोबर आहे, दर्जाही बरोबर आहे, पण स्टेशनजवळच्या फलकावर आणि वर्तमानपत्रात याच सरबताने मुलांची उंची वाढते अशी जाहिरात आहे. हे कलम 53, दहा लाखांपर्यंत. इथे एक खाच आहे. मिथ्याछापाच्या व्याख्येतही 'जाहिरातीतून खोटे दावे' हे शब्द आहेत, म्हणजे तोच दावा 52 मध्येही बसू शकतो. लेबल वाचतो तो ज्याच्या हातात बाटली आहे तो एक माणूस. जाहिरात वाचतात ते हजारो, त्यातले बरेच कधी ती बाटली हातातही घेणार नाहीत. रकमेतला फरक तिथून आला असावा, असं मला वाटतं. कलम 53 दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीशी थेट संबंधित असल्यामुळे प्रश्नात फलक किंवा वर्तमानपत्र आलं, की उत्तर दहा लाखांकडे झुकतं.

आणि आता शेवटचा बदल. सनसेट यलोच्या जागी मेटॅनिल यलो घाला. दोन्ही पिवळे, दोन्ही कृत्रिम, नावंही जवळजवळ सारखी. पण दुसरा रंग खाण्यासाठी नाहीच. तो कापड आणि कागदाच्या धंद्यातला आहे. अन्नात त्याला अजिबात परवानगी नाही. विश्लेषकाने हे सरबत आरोग्याला अपायकारक असल्याचं मत दिलं, की ते 'असुरक्षित' अन्नाच्या व्याख्येत जातं आणि आपण तीन, पाच, दहा लाखांच्या प्रदेशातून बाहेर पडतो. कलम 59. आता न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा काही संबंध नाही. कोणाला इजा झाली नसेल तरी कैद आणि दंड आहे, आणि इजेच्या पायऱ्या चढत जाव्यात तशी शिक्षा चढत जाते. मृत्यू झाला तर सात वर्षांपेक्षा कमी नाही, जन्मठेपेपर्यंत, आणि दंड दहा लाखांपेक्षा कमी नाही.

इजा न झालेल्या पहिल्या पायरीवर जुनी पुस्तकं वाचणारे अडखळतात. 2006 च्या मूळ कायद्यात तिथे सहा महिने कैद आणि एक लाख दंड होता. 2023 च्या जन विश्वास कायद्याने ते तीन महिने आणि तीन लाख केलं. कैद अर्धी, दंड तिप्पट. सांताक्रूझ स्टेशनबाहेर जुनी मार्गदर्शक पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, आणि अशा स्वस्त पुस्तकातला एक आकडा एक गुण घालवू शकतो.

एकाच बाटलीला ही चार नावं. आणि त्यातला सगळ्यात विलक्षण प्रश्न अजून बाकी आहे: दुकानदाराचं काय?

दुकानदाराने सरबत बनवलेलं नाही. त्याने ते वितरकाकडून घेतलं, फळीवर ठेवलं आणि विकलं. कायद्याच्या कलम 27 मध्ये उत्पादक, वितरक आणि विक्रेता यांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या मांडल्या आहेत. विक्रेता कशाकशासाठी जबाबदार? मुदत संपल्यावर विकलं तर. घाणेरड्या जागी ठेवलं तर. माल कोणाकडून घेतला हे सांगता आलं नाही तर. पदार्थ असुरक्षित आहे हे माहीत असूनही घेतला तर. आणि पदार्थ मिथ्याछाप असेल तर. आता शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचून पाहा. असुरक्षित मालाच्या बाबतीत 'माहीत असूनही' हे शब्द आहेत. मिथ्याछापाच्या बाबतीत ते नाहीत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं. विष विकणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची मुभा आणि लेबल चुकलेलं विकणाऱ्याला नाही? पण थोडा विचार केला की यामागचा साधा शहाणपणा दिसतो. बाटलीच्या आत मेटॅनिल यलो आहे की नाही हे वाकोल्याच्या दुकानदाराला कळायला त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही. पण लेबल? लेबल तर त्याच्या डोळ्यांसमोर आहे. उत्पादकाचा पत्ता आहे का, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का, शाकाहारी खूण आहे का, तारीख आहे का, हे तपासायला चष्म्यापेक्षा जास्त काही लागत नाही. कायदा दुकानदाराकडून तेवढीच अपेक्षा धरतो जेवढं तो पाहू शकतो. अर्थात आपल्या प्रश्नातली चूक, म्हणजे आत असलेला पण लेबलवर न लिहिलेला रंग, त्यालाही दिसणार नाही. हा नियमातला खरा चिमटा आहे, आणि अशा दुकानदाराला आधार लागतो तो कलम 80 मधल्या बचावाचा: आपण वाजवी काळजी घेतली होती. त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे खरेदीचं बिल. कलम 26 नुसार पुढच्या विक्रेत्याला माल देताना त्याच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते आणि बिलालाच अशी हमी मानलं जातं. बिलाशिवाय माल घेणारा दुकानदार हा बचाव स्वतःच गमावतो.

आता बाटली खरोखर प्रक्रियेतून नेऊन पाहू. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतो, नमुना विकत घेतो, त्याची किंमत देतो, साक्षीदार बोलावतो आणि नमुन्याचे चार भाग करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा, व्यावसायिकाने मागणी केल्यास, अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे जातो. चार का? कारण हा सगळा डोलारा एका अहवालावर उभा असतो आणि तो अहवाल चुकीचा निघाला तर दुसऱ्यांदा तपासायला तोच माल हवा. विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस आहेत. व्यावसायिकाला अहवाल मान्य नसेल तर तीस दिवसांत तो पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करू शकतो, आणि अधिकाऱ्याला पटलं तर राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. तिचा निकाल अंतिम.

इथपर्यंत बाटली फक्त वस्तू असते. पदनिर्देशित अधिकाऱ्याने अहवाल वाचून ठरवलं की यात कैद होऊ शकते, तर प्रकरण अन्न सुरक्षा आयुक्तांकडे खटल्याच्या मंजुरीला जातं. फक्त शास्तीचं असेल, तर अन्न सुरक्षा अधिकारी न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. न्यायनिर्णय अधिकारी नोटीस काढतो, सुनावणी घेतो. त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पहिल्या सुनावणीपासून नव्वद दिवसांत त्याने निकाल द्यावा, असं नियम सांगतात. सगळ्यावर एक मुदतीचं झाकण आहे: कलम 77 प्रमाणे गुन्हा घडल्यापासून एका वर्षानंतर दखल घेता येत नाही, मात्र आयुक्त कारणं लेखी नोंदवून ती तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात. परीक्षेत हे 'एक' आणि 'तीन' एकाच वाक्यात येतात आणि विद्यार्थी घाईत दोन्ही एकाच खान्यात टाकतात.

रक्कम किती, हे मात्र कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. कलम 52 मध्ये 'तीन लाखांपर्यंत' आहे. किमान रक्कम नाही. मग तीन हजार की तीन लाख? कलम 49 न्यायनिर्णय अधिकाऱ्याला काही प्रश्न विचारायला लावतं. चुकीमुळे किती अनुचित फायदा झाला? कोणाचं किती नुकसान झालं? ही चूक पुन्हा पुन्हा होत आहे का? ती नकळत झाली का? आपल्या सरबतवाल्याचं धरू: पहिलीच वेळ, रंग परवानगीचा, लेबल छापताना ओळ गळली, माल थोडा. अशा वेळी रक्कम लहान राहते. तोच सरबतवाला दर उन्हाळ्यात तेच लेबल लावत असेल आणि मागच्या वर्षी नोटीसही मिळाली असेल, तर तराजू दुसऱ्या बाजूला जातो. रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो.

याच ठिकाणी कायद्यात एक विसंगती आहे, जी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आवडते. कलम 50 म्हणजे ग्राहकाने मागितलेल्या प्रकारचा, दर्जाचा पदार्थ न देणं. तिथे सर्वसाधारण कमाल पाच लाख आहे, पण फेरीवाले, छोटे उत्पादक, म्हणजे ज्यांना परवान्याऐवजी फक्त नोंदणी लागते त्यांच्यासाठी पंचवीस हजारांची मर्यादा घातलेली आहे. हीच सवलत कलम 52 मध्ये नाही. म्हणजे कागदावर तरी, सांताक्रूझच्या बाजारातला हातगाडीवाला चुकीचा पदार्थ देताना पंचवीस हजारांच्या छपराखाली असतो आणि चुकीचं लेबल लावताना तीन लाखांच्या उघड्या आभाळाखाली. त्याला दिलासा दुसऱ्या दारातून मिळतो: कलम 69 नुसार छोट्या व्यावसायिकांची प्रकरणं पदनिर्देशित अधिकारी तडजोडीने मिटवू शकतो, एक लाखाच्या आत, कैदेचा प्रश्न नसेल तर. निकाल आल्यावर मान्य नसेल, तर अन्न सुरक्षा अपील न्यायाधिकरण आहे आणि त्यापुढे साठ दिवसांत उच्च न्यायालय.

उच्च न्यायालयाचं नाव घेतलं की सर्वांत गाजलेलं प्रकरण आठवतं. तेही सरबताच्या बाटलीसारखंच वेगवेगळ्या नावांनी ओळखलं गेलेलं, आणि त्याचा महत्त्वाचा निकाल मुंबईतच लागला. मॅगी.

2014 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यात एका दुकानातून मॅगीचं पाकीट घेतलं गेलं. पाकिटावर 'नो अॅडेड एमएसजी' असं लिहिलेलं होतं. प्रयोगशाळेत एमएसजी सापडलं. इथपर्यंत प्रकरण मिथ्याछापाचं, आपल्या सरबतासारखंच: लेबल एक सांगतं, आतलं दुसरं. मॅगी बनवणाऱ्या कंपनीने अहवाल अमान्य केला आणि नमुना कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे गेला. तिथून 2015 मध्ये एमएसजीबरोबर शिसंही निघालं, दशलक्षात 17.2 भाग, तर मर्यादा 2.5 ची होती. शिसं म्हणजे लेबलचा प्रश्न राहिला नाही. एका नमुन्याने उडी मारून कलम 52 वरून 59 च्या अंगणात पाय ठेवला.

5 जून 2015 रोजी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर मॅगीवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनीही कलम 30 खाली बंदी घातली. ज्या अधिकाराने महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर वर्षावर्षाची बंदी निघते, तोच हा अधिकार. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती बर्जेस कोलाबावाला यांच्या खंडपीठाने 13 ऑगस्ट 2015 रोजी दोन्ही आदेश रद्द केले. कारणं दोन आणि दोन्ही आपल्या परीक्षेतली. कंपनीला बाजू मांडायची संधी न देता आदेश काढला गेला. आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर विसंबून तो काढला गेला, त्या कायद्याला हव्या तशा अधिस्वीकृत नव्हत्या. चार भागांची, प्रयोगशाळेच्या मान्यतेची, नोटिशीची ती सगळी कंटाळवाणी वाटणारी प्रक्रिया किती जड पडते, हे इथे दिसलं. शिसं पाकिटात खरोखर होतं की नव्हतं, हा प्रश्न आधी विचारताच आला नाही. आधी विचारला गेला तो, हे कोणी आणि कसं मोजलं. न्यायालयाने हैदराबाद, मोहाली आणि जयपूरच्या अधिस्वीकृत प्रयोगशाळांमध्ये फेरतपासणी करायला सांगितलं. तपासलेले सर्व 90 नमुने शिशाच्या मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परतली.

आणि एमएसजीचं काय? माझ्या दृष्टीने हा भाग शिशाहूनही रोचक आहे. ग्लुटामेट हा कारखान्यातच तयार होणारा परकीय पदार्थ नाही. गव्हात, कांद्यात, शेंगदाण्याच्या प्रथिनात तो मुळातच असतो, टोमॅटोतही असतो. प्रयोगशाळेचं यंत्र ग्लुटामेट मोजतं, पण तो कोणी डब्यातून ओतला की कांद्याच्या भुकटीतून आपोआप आला, हे यंत्र सांगू शकत नाही. 'नो अॅडेड एमएसजी' हे वाक्य खरं असूनही, अहवालात एमएसजी 'सापडलं' असं येऊ शकतं. कंपनीने न्यायालयात सांगितलं की आपण हे वाक्य पाकिटावरून काढून टाकू. पुढे 2016 मध्ये प्राधिकरणानेही राज्यांच्या आयुक्तांना कळवलं की, मुद्दाम घातलेलं एमएसजी ओळखणारी विश्लेषण पद्धत नाही, त्यामुळे एमएसजी घातलं जातं का, हे पाहायचं असेल तर उत्पादनाच्या जागी जाऊन कच्चा माल तपासावा. इथे आपल्या सरबताशी फरक स्पष्ट होतो. सनसेट यलो कांद्यात उगवत नाही. तो बाटलीत असेल तर कोणीतरी तो घातलाच आहे, आणि लेबलवर तो नसेल तर विश्लेषकाचा एक अहवाल पुरतो. मॅगीच्या वाक्याचा खरेखोटेपणा मात्र पाकीट कितीही तपासलं तरी पाकिटात सापडत नाही. त्यासाठी कारखान्यात, गोदामाच्या नोंदवहीत आणि खरेदीच्या बिलांत पाहावं लागतं.

मॅगीची कहाणी शिशावर संपली असं बहुतेकांना वाटतं. पण 2017 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूर जिल्ह्यात याच मॅगीबाबत न्यायनिर्णयाचे आदेश निघाले आणि त्यात शिसंही नव्हतं, एमएसजीही नव्हतं. मुद्दा होता राखेचा: नमुना जाळल्यावर उरणाऱ्या खनिज अंशाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. प्रशासनाने कंपनीला 45 लाख रुपयांची शास्ती केली आणि वितरक-विक्रेत्यांनाही स्वतंत्रपणे केली. चुकीची मानकं लावली गेली, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि तिने अपिलाची तयारी दाखवली. राखेने कोणी आजारी पडत नाही आणि राखेबद्दल लेबल काही खोटंही बोलत नाही. राहतो तो फक्त दर्जा, म्हणजे कलम 51. चार वर्षांच्या आत एका पिवळ्या पाकिटावर 'मिथ्याछाप', 'असुरक्षित' आणि 'कमी दर्जाचं' असे तिन्ही आरोप येऊन गेले, आणि त्यातला प्रत्येक आरोप सिद्ध करायला वेगळं यंत्र, वेगळा कागद आणि वेगळी खुर्ची लागली.